बँक म्हणते "खातेदारांनाच पाठवा": आईवडिलांच्या तक्रारीसाठी मुलाचं अधिकारपत्र आणि सोबतचं पत्र

वडिलांची पेन्शन अडकलेली असते. ते गावी, मुलगा दुसऱ्या शहरात. मुलगा बँकेला मेल करतो, कस्टमर केअरला फोन लावतो, सुट्टी काढून शाखेत जाऊन उभा राहतो, आणि तिन्हीकडे एकच उत्तर मिळतं: "खात्याची माहिती त्रयस्थ व्यक्तीला देता येत नाही, खातेदारांना पाठवा." मग तो वडिलांकडून दोन ओळी लिहून घेतो आणि नेऊन देतो. त्यावर कळतं की सही जुळत नाही, किंवा यासाठी मुखत्यारपत्र लागेल. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला रिक्षात बसवून शाखेत नेण्यापलीकडे मार्गच नाही, असं घरच्यांना वाटू लागतं. मार्ग आहे, आणि तो दोन कागदांवर चालतो. हे दोन कागद कसे लिहायचे आणि ते नेमके कुठे अडतात, ते एका प्रकरणावरून सांगतो.

भुसावळचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, वय ८३. मुलगा पुण्यात नोकरीला. वडिलांनी १४ नोव्हेंबर २०२४ रोजी शाखेत हयातीचा दाखला दिला आणि पोच घेतली. पोचेवर शिक्का आणि तारीख होती. तरीही ३१ डिसेंबरला पेन्शन जमा झाली नाही. शाखेने दाखला घेतला, पण संगणकावर नोंदच केली नाही, म्हणून पेन्शनचं काम पाहणाऱ्या केंद्राच्या लेखी तो आलाच नव्हता. केंद्र म्हणे शाखेला विचारा, शाखा म्हणे केंद्राकडून सुटेल. मुलाने ६ जानेवारीला स्वतःच्या मेलवरून तक्रार केली आणि त्याला वरचं "त्रयस्थ" उत्तर आलं.

आधी पेन्शन सुरू करा, तक्रार वेगळी चालवा

तक्रारीच्या निकालापर्यंत घरखर्च थांबत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी नवा हयातीचा दाखला द्यावा. जीवन प्रमाण या सरकारी डिजिटल सेवेतून घरबसल्या, मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. चालणं कठीण असेल तर बँकेच्या माणसाला घरी बोलवा. ७० वर्षांवरच्या खातेदारांचा हयातीचा दाखला आणि केवायसीची कागदपत्रं घरी येऊन घेण्याची सोय बँकांनी करावी, असं रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं आहे.

पण नव्या दाखल्यासोबत दिलेल्या कागदावर एक ओळ जरूर लिहा: "यापूर्वीचा दाखला १४ नोव्हेंबर २०२४ रोजी शाखेत दिला असून त्याची पोच जोडली आहे." ही ओळ नसेल तर बँकेच्या नोंदीत दाखल्याची एकच तारीख उरते, ती नवी. मग उशीर खातेदाराचाच होता असं उत्तर तयार होतं आणि पुढची सगळी तक्रार लंगडी पडते.

बँक खरंच अडवते आहे का?

पहिल्या टप्प्यावर तरी नाही. खातेदाराची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कर्तव्यच आहे, आणि वृद्धांच्या खात्यातले पैसे घरच्याच माणसांनी काढल्याची प्रकरणंही बँकेने पाहिलेली असतात. शाखेतल्या माणसाला समोरचा मुलगा चांगला की वाईट हे कळायचा काही उपाय नसतो. त्याला एक कागद हवा असतो, जो दाखवून तो उद्या तपासणीत म्हणू शकेल की मी माहिती दिली ती खातेदारांच्या लेखी परवानगीने दिली. तो कागद आपण नीट देत नाही, तिथे गाडी अडते.

पुष्कळ मुलं शाखेत जाऊन सांगतात की मी नॉमिनी आहे. त्याचा उपयोग होत नाही. खातेदार हयात असताना नॉमिनीला खात्याबद्दल काहीही विचारण्याचा अधिकार नसतो. मुलगा आहे, एकाच पत्त्यावर राहतो, आधारवर वडिलांचं नाव आहे, यानेही नातं सिद्ध होतं, अधिकार नाही.

"मुखत्यारपत्र आणा" हे उत्तर मात्र बहुतेक वेळा आपल्याच शब्दांमुळे येतं. पत्रात लिहिलेलं असतं, "माझे बँकेचे सर्व व्यवहार माझा मुलगा पाहील." हे वाचून अधिकाऱ्याला वाटतं की मुलाला खातं चालवायचं आहे, पैसे काढायचे आहेत. त्यासाठी तो मुखत्यारपत्र मागणार, आणि ते बरोबरच आहे. आपल्याला हवं असतं त्याहून फार कमी: एका तक्रारीबद्दल लिहिणं, बोलणं, उत्तर घेणं. तेवढंच लिहा, आणि काय करता येणार *नाही* तेही स्पष्ट लिहा. पत्रातलं हे नकारार्थी वाक्य सगळ्यात जास्त काम करतं.

अधिकारपत्र

साध्या कागदावर, मराठीत, वडिलांना वाचून दाखवून आणि त्यांना समजलं आहे याची खात्री करून. विषयात येणारा पीपीओ क्रमांक म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा क्रमांक. पेन्शन केंद्र दुसऱ्या राज्यात असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडा, पण सही मराठी कागदावर घ्या. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेतल्या कागदावर त्याची सही असावी. उद्या कोणी विचारलं की बाबा, तुम्ही कशावर सही केलीत, तर त्यांना सांगता आलं पाहिजे.

> प्रति, शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा)
>
> विषय: बचत खाते क्र. (पूर्ण क्रमांक), पीपीओ क्र. (क्रमांक), डिसेंबर २०२४ पासून पेन्शन जमा न झाल्याच्या तक्रारीसाठी प्रतिनिधी नेमल्याबाबत
>
> मी, (नाव), वय ८३, राहणार (पत्ता), वरील खात्याचा खातेदार व पेन्शनधारक आहे. वयोमानामुळे मला शाखेत वारंवार येणे शक्य नाही. म्हणून वरील तक्रारीपुरता माझा मुलगा (नाव), राहणार (पत्ता), मोबाईल (क्रमांक), ईमेल (पत्ता), यास मी माझा प्रतिनिधी म्हणून नेमत आहे.
>
> या तक्रारीबाबत आपल्याशी लेखी व तोंडी बोलणे, कागदपत्रे देणे व घेणे, तक्रारीशी संबंधित माहिती आणि १ नोव्हेंबर २०२४ पासूनचा खातेउतारा मागणे, आपले उत्तर स्वीकारणे आणि गरज पडल्यास आपल्याच बँकेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे तक्रार नेणे, एवढा अधिकार मी त्यास देत आहे.
>
> खात्यातून पैसे काढणे, ठेव मोडणे, पत्ता, मोबाईल क्रमांक किंवा नॉमिनी बदलणे, अथवा तक्रार कमी रकमेत तडजोडीने मिटवणे, याचा अधिकार त्यास नाही.
>
> हे पत्र तक्रार निकाली निघेपर्यंत किंवा ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत लागू राहील. मी ते लेखी कळवून केव्हाही रद्द करू शकतो.
>
> (वडिलांची सही, तारीख, ठिकाण)
> (मुलाची नमुना सही)
> (दोन साक्षीदार: नाव, पत्ता, सही)

मुलाची नमुना सही विसरू नका. पुढच्या पत्रांवर मुलाची सही येणार, आणि ती त्याचीच आहे हे ओळखायला बँकेकडे दुसरं काही नसतं. खातं आईवडील दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या घ्या. सोबत वडिलांच्या आणि मुलाच्या ओळखपत्राची स्वतः सही केलेली झेरॉक्स आणि पासबुकाचं पहिलं पान जोडा. आधार देणार असाल तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत द्या. एटीएम कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी या कागदपत्रांत कुठेही येता कामा नये, कोणी मागितला तरी.

सही जुळत नाही

अधिकारपत्रं सगळ्यात जास्त इथे परत येतात, आणि वडीलधाऱ्यांना यात फार अपमान वाटतो. आपलीच सही आपली नाही असं कोणी म्हणावं! बँकेकडे असलेला नमुना खातं उघडतानाचा असतो, हात ठणठणीत होता तेव्हाचा. आता हात थरथरतो, अक्षर ओळीखाली उतरतं, आडनावाचं शेवटचं वळण गळून पडतं. घरी दहा वेळा सराव करून जुनी सही गिरवायला लावणं हा उपाय नव्हे. गिरवलेली सही संथ आणि अडखळत काढलेली दिसते आणि पाहणाऱ्याला उलट जास्त संशय येतो.

खरा उपाय असा. हयातीचा दाखला किंवा केवायसी घ्यायला बँकेचा माणूस घरी येणार असेल तेव्हाच अधिकारपत्र तयार ठेवा. वडिलांना त्याच्यासमोर, त्यांची आज जशी येते तशी सही करू द्या, आणि अधिकाऱ्याला शेजारी लिहायला सांगा: "खातेदारांनी माझ्यासमोर सही केली." त्याखाली त्याचं नाव, कर्मचारी क्रमांक, तारीख आणि शिक्का. त्याच भेटीत नमुना सही बदलून घेण्याचा अर्जही देऊन टाका, म्हणजे पुढचा चेक परत येणार नाही. भुसावळच्या प्रकरणात पहिलं पत्र सहीवरूनच परत आलं होतं. दुसऱ्या वेळी शाखेतला अधिकारी नवा दाखला घ्यायला घरी आला, त्याच्यासमोर सही झाली, आणि नंतर तो मुद्दा कोणी काढला नाही.

सही अजिबात जमत नसेल तर अंगठा चालतो, पण अंगठ्याला साक्षीदार भक्कम हवेत. आजारी आणि वृद्ध खातेदारांनी अंगठ्यावर पैसे काढताना बँकेला ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो. तक्रारीच्या पत्राला हा नियम लागू नाही, तरी तीच पद्धत पाळली की नाही म्हणायला जागा उरत नाही. अंगठ्याखाली "डाव्या हाताचा अंगठा" आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहा. ज्याला अधिकार मिळतो आहे तो मुलगा साक्षीदार होऊ नये. सूनही नको. शेजारी, निवृत्त सहकारी, डॉक्टर चालतील.

सोबतचं पत्र

अधिकारपत्र सांगतं की कोण बोलणार, सोबतचं पत्र सांगतं की काय हवं आहे. हे दोन्ही एकाच कागदात कोंबले की अधिकारी पहिला भाग वाचून कागद फाईलला लावतो आणि तक्रारीची नोंदच होत नाही. भुसावळच्या मुलाचं पहिलं पत्र असंच चार पानी होतं. त्यात वडिलांची सेवा, कर्मचाऱ्याचं बोलणं, शाखेतली रांग सगळं होतं, फक्त मागणी कुठे आहे ते सापडत नव्हतं. मनातला संताप खरा असतो, पण पत्र वाचणाऱ्या माणसाला तीन तारखा आणि चार मागण्या हव्या असतात. दुसरं पत्र एका पानाचं झालं:

> विषय: हयातीचा दाखला मुदतीत देऊनही पेन्शन बंद झाल्याची तक्रार, खाते क्र. (शेवटचे चार आकडे), पीपीओ क्र. (क्रमांक)
>
> तक्रारदार: (वडिलांचे नाव). प्रतिनिधी: (मुलाचे नाव), अधिकारपत्र जोडपत्र १.
>
> १. दि. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी शाखेत हयातीचा दाखला दिला. पोच जोडपत्र २.
> २. दि. ३१ डिसेंबर २०२४ व ३१ जानेवारी २०२५ रोजी देय असलेली पेन्शन जमा झालेली नाही. खातेउतारा जोडपत्र ३.
> ३. दि. ६ जानेवारी २०२५ रोजी ईमेलने कळवले. उत्तर जोडपत्र ४.
>
> मागणी: (अ) १४ नोव्हेंबर २०२४ ही दाखला मिळाल्याची तारीख म्हणून नोंदवावी. (आ) थकीत पेन्शन जमा करावी. (इ) उशिराच्या काळासाठी द.सा.द.शे. ८ दराने व्याज द्यावे. (ई) नोंद का झाली नाही ते लेखी कळवावे.
>
> उत्तर तक्रारदारांच्या पत्त्यावर आणि प्रतिनिधीच्या ईमेलवर, दोन्हीकडे पाठवावे.

"तक्रारदार" म्हणून वडिलांचंच नाव हवं. मुलाने "माझी तक्रार आहे की" असं लिहिलं की तक्रार ग्राहकाची राहत नाही, ६ जानेवारीच्या मेलचं तेच झालं. शक्य असेल तर मेलही वडिलांच्या नोंदवलेल्या ईमेलवरून पाठवा आणि स्वतःला प्रतीत ठेवा.

आठ टक्क्यांची मागणी मनाने केलेली नाही. सरकारी पेन्शन वाटणाऱ्या बँकांनी उशिरा जमा केलेल्या पेन्शनवर वार्षिक ८ टक्क्यांनी भरपाई द्यावी, आणि तीही पेन्शनधारकाने न मागता, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. हयातीचा दाखला घेताना सही केलेली पोच दिलीच पाहिजे, हेही तिचंच सांगणं. म्हणून पोच न घेता दाखला देऊ नका. वय ८० च्या वर असेल तर केंद्र सरकारच्या पेन्शनधारकाला दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. नोंद राहिली असेल तर ती नोव्हेंबर संपायच्या आत लक्षात येते, हा त्याचा मोठा फायदा.

दोन्ही कागद ३ फेब्रुवारीला शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, आणि एक संच बँकेच्या मुख्य नोडल अधिकाऱ्याला स्पीड पोस्टाने पाठवला. त्याचा पत्ता बँकेच्या वेबसाईटवर आणि शाखेच्या फलकावर असतो. शाखेत नुसतं "ठेवून जा" म्हटलं तर ठेवून जाऊ नका. शिक्क्याची तारीखच पुढची मुदत ठरवते.

३० दिवसांनंतर

बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पोर्टल cms.rbi.org.in. ऑनलाइन जमत नसेल तर तक्रार कागदावर पाठवायचा पत्ता: केंद्रीकृत प्राप्ती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, ४ था मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. माहितीसाठी फोन १४४४८. कसलंही शुल्क नाही.

इथे अनेकजण बँकेला दिलेलंच अधिकारपत्र चढवतात आणि तक्रार अडते. ते पत्र बँकेच्या व्यवस्थापकाला लिहिलेलं आहे आणि त्यातला अधिकार बँकेपुरताच आहे. एकात्मिक लोकपाल योजनेत प्रतिनिधी म्हणजे लोकपालापुढच्या कामकाजात तक्रारदाराची बाजू मांडण्यासाठी लेखी नेमलेली व्यक्ती, अशी व्याख्या आहे. म्हणून दुसरं पत्र घ्या. मजकूर तोच, पण "रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांपुढील कामकाजात माझे प्रतिनिधित्व करण्यासाठी" हे शब्द त्यात हवेत, आणि "माझा प्रतिनिधी वकील नाही" हेही. प्रतिनिधी वकील चालत नाही, मुलगाच वकील असला तर मुलीला किंवा दुसऱ्या भावाला नेमा. स्टॅम्प पेपरची किंवा नोटरीची अट योजनेत नाही.

त्या पोर्टलवर बँकेला दिलेल्या तक्रारीची शिक्क्याची प्रत जोडायची. फक्त फोनवर केलेली तक्रार, ती केल्याचा पुरावा दाखवता आला नाही तर, लेखी धरली जात नाही, आणि ३० दिवस पूर्ण व्हायच्या आत पाठवलेली परत येते. दिवस मोजताना शिक्क्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा. ३ फेब्रुवारीचे ३० दिवस ५ मार्चला पूर्ण झाले, तोपर्यंत उत्तर आलं नाही, आणि ७ मार्चला लोकपालाकडे तक्रार गेली.

२० मार्चला तीन महिन्यांची पेन्शन एकदम जमा झाली, व्याज मात्र नाही. अशा वेळी पैसे आले म्हणून पोर्टलवर "तक्रार मिटली" असं कळवू नका. मासिक पेन्शन २४,००० रुपये धरली तर हिशोब असा: डिसेंबरच्या पेन्शनला ७९ दिवस उशीर, जानेवारीच्या पेन्शनला ४८, फेब्रुवारीच्या पेन्शनला २०, एकूण १४७ दिवस. २४,००० वर ८ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १,९२० रुपये, त्याचे १४७ दिवसांचे ७७३ रुपये. रक्कम लहान आहे, पण ती दिली म्हणजे उशीर बँकेकडून झाला हे बँकेच्याच खातेवहीत लिहिलं जातं. मुलाने हा हिशोब एका ओळीच्या पत्रासोबत पाठवला, आणि व्याज जमा झाल्यावरच तक्रार बंद करायला संमती दिली. ती संमतीही वडिलांच्या सहीने, कारण तडजोडीचा अधिकार त्याने घेतलेलाच नव्हता.

हे पत्र कुठे चालत नाही

अधिकारपत्र देणाऱ्याची समज शाबूत असेपर्यंतच ते टिकतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारा वारला किंवा त्याचं मानसिक संतुलन राहिलं नाही, की दिलेला अधिकार संपतो. स्मृतिभ्रंश वाढलेला असताना घेतलेली सही, हात धरून घेतलेली सही, रुग्णालयात बेशुद्ध असताना घेतलेला अंगठा, यातलं काहीही बँकेपुढे ठेवू नका. ते वडिलांवरही अन्याय करणारं आहे आणि मुलाला अडचणीत आणणारं. तिथे न्यायालयातून पालक नेमून घेण्याचा रस्ता आहे, त्यासाठी वकील लागतो आणि वेळही. विसरभोळेपणा नुकता सुरू झाला असेल आणि बोलणं, समजणं नीट असेल, तर सही करतेवेळी डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला घ्या की त्यांना मजकूर समजतो आहे.

तक्रार चालू असताना वडील गेले तर मुलाने प्रतिनिधी म्हणून पुढे लिहीत राहू नये. बँकेला मृत्यूचा दाखला द्यावा, आणि थकीत रकमेची मागणी वारस किंवा नॉमिनी म्हणून स्वतःच्या नावाने, नव्या पत्राने करावी. आई हयात असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्यावा, आणि त्याचीही पोच घ्यावी.